करपलेलं मटण, भाजलेली कोंबडी आणि कॅन्सर : भीती किती, पुरावा किती

आजचं बोलणं एका प्रश्नावरून सुरू करतो. कळंब तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंनी तो आमच्याकडे पाठवला. त्यांचा गट बाजाराच्या दिवशी आणि जत्रेत कोळशावर भाजलेल्या कोंबडीचा स्टॉल लावतो. धंदा बरा चालला होता. मग मोबाईलवर एक संदेश फिरत फिरत गावात आला : भाजलेल्या कोंबडीत कॅन्सरचं विष असतं, डॉक्टरांनी सिद्ध केलं आहे, आजच खाणं सोडा. गिऱ्हाईक विचारू लागलं, गटातल्या दोघींच्या घरून विरोध सुरू झाला, आणि कर्जाचा हप्ता तर दर महिन्याला भरायचाच आहे. ताईंनी विचारलं, "मंग आमी हे बंद करावं का?"

हो किंवा नाही इतकंच उत्तर देऊन आम्हाला सुटता आलं असतं. पण तो संदेश पूर्ण खोटा नाही आणि पूर्ण खराही नाही. त्यामुळे यात खरं किती ते आपण नीट उलगडून बघू.

मांस खूप तापलं, करपलं की त्यात दोन प्रकारची घातक द्रव्यं तयार होतात. त्यांची नावं लांबलचक आहेत, ती एकदाच ऐका. पहिल्याचं नाव हेटरोसायक्लिक अमाइन. दुसऱ्याचं पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन. आज आपण पहिल्याला "तापाचं द्रव्य" म्हणू आणि दुसऱ्याला "धुराचं द्रव्य" म्हणू, कारण एक तयार होतं तापामुळे आणि दुसरं येतं धुरातून. दोन्ही वेगळी आहेत आणि ती टाळायच्या युक्त्याही वेगळ्या आहेत.

आधी तापाचं द्रव्य. जनावराच्या स्नायूत, म्हणजे आपण ज्याला बोटी म्हणतो त्यात, क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. स्नायूला झटपट ताकद लागते तेव्हा तो कामाला येतो. मांस तापलं की हे क्रिएटिन, मांसातली प्रथिनं ज्यांची बनलेली असतात ते घटक आणि थोडी साखर यांचा मेळ होतो आणि त्यातून तापाचं द्रव्य बनतं. मात्र त्यासाठी उष्णता भरपूर लागते. साधारण दीडशे अंशांच्या पुढे ते बनू लागतं, दोनशेच्या पुढे झपाट्याने वाढतं, आणि जितका जास्त वेळ तितकं जास्त.

आता आपल्या रश्श्याचा विचार करा. पाणी शंभर अंशांना उकळतं. भांड्यात पाणी आहे तोवर त्यात बुडालेली बोटी शंभरच्या फारशी वर जात नाही. कुकरमध्ये थोडी जास्त, एकशेवीसच्या आसपास. म्हणजे तर्रीदार मटण, मग ते नागपूरचं सावजी असो की आपल्या घरचं, कितीही झणझणीत असलं तरी या द्रव्याच्या बाबतीत जवळजवळ निर्धास्त आहे. तिखटाने पोट जळेल, ती गोष्ट वेगळी.

सुक्या मटणाचं मात्र बघावं लागतं. रस आटेपर्यंत कढईत बुडबुड आवाज येत असतो. तो आवाज थांबला, तेल सुटलं, चुरचुर सुरू झाली आणि भाजल्याचा वास आला, की समजायचं पाणी संपलं आणि आता ताप शंभरच्या वर चढतो आहे. इथे दोन मिनिटांत उतरवलं तर ठीक. बुडाला लागेपर्यंत ठेवलं, तळाची काळी खरवड उलथन्याने काढून परत मटणात मिसळली, तर तापाचं द्रव्य आपणच ताटात वाढलं असं झालं. ती खरवड कितीही चविष्ट लागो, ती टाकून द्यावी असं आमचं मत आहे.

निखाऱ्यावर गोष्ट आणखी पुढे जाते. तिथे बोटीभोवती पाणी नाही आणि निखाऱ्याची धग कित्येक शे अंशांची. वरचा थर पटकन सुकतो आणि ताप चढतो. त्यातच दुसरं द्रव्य येऊन मिळतं. कोंबडीची चरबी आणि वरून लावलेलं तेल टपटप निखाऱ्यावर पडतं, जळतं, निळसर धूर उठतो. त्या धुरात धुराचं द्रव्य असतं आणि ते वर भाजत असलेल्या मांसावर जाऊन बसतं. या जातीच्या द्रव्यांतलं सर्वांत अभ्यासलेलं म्हणजे बेंझो-ए-पायरीन. ते फक्त मांसाच्या धुरात असतं असं नाही. लाकूड, गोवऱ्या, तंबाखू, डिझेल, काहीही अर्धवट जळलं की ते तयार होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पुरावा. हे सगळं उजेडात कसं आलं? जपानमध्ये ताकाशी सुगिमुरा नावाचे कॅन्सरचे शास्त्रज्ञ होते, टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात. जपानी घरांत मासा भाजून खायची रोजची रीत आहे. मासा भाजताना निघणारा धूर बघून त्यांना प्रश्न पडला, की सिगारेटच्या धुरात घातक द्रव्यं असतात तर या धुरात का नसावीत? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धूर गोळा केला, माशाचा करपलेला थर खरवडून घेतला आणि त्याची जंतूंवर तपासणी केली. या तपासणीत बघतात ते असं, की एखाद्या पदार्थामुळे जंतूच्या पेशीतली वंशाची लिपी बिघडते का. १९७७ साली त्यांनी दाखवून दिलं की बिघडते, आणि चांगलीच बिघडते. पेशीची लिपी बिघडणं ही कॅन्सरची पहिली पायरी असू शकते, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ जागे झाले.

मग उंदरांची पाळी आली. तापाच्या द्रव्यांपैकी भाजलेल्या कोंबडीत जे सर्वांत जास्त सापडतं त्याचं नाव पीएचआयपी. जपानमध्येच मोठ्या जातीच्या उंदरांना हे द्रव्य वर्षभर खाद्यातून दिलं. नरांमध्ये आतड्याचे आणि माद्यांमध्ये स्तनाचे कॅन्सर झाले. तो प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाईलवरच्या संदेशात "डॉक्टरांनी सिद्ध केलं" म्हणतात ते बहुधा अशाच प्रयोगांच्या जोरावर.

पण किती दिलं, हे त्या संदेशात नसतं. उंदरांच्या प्रत्येक किलो खाद्यात ४०० मिलिग्राम पीएचआयपी मिसळलं होतं. आता कोंबडीत किती सापडतं? अमेरिकेत १९९५ साली वेगवेगळ्या तऱ्हेने शिजवलेली कोंबडी मोजली, तेव्हा खूप भाजलेल्या कोंबडीत सर्वांत जास्त सापडलेला आकडा किलोमागे साधारण अर्धा मिलिग्राम होता. बाकीच्या कोंबड्यांत त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे सर्वांत वाईट भाजलेल्या कोंबडीपेक्षा उंदराचं खाद्य आठशे पट जहाल होतं, आणि उंदीर वर्षभर तेच खात होता, दुसरं काही नाही. आपण मात्र महिन्यातून दोनदा कोंबडी खातो आणि सोबत भाकर, भात, कांदा असतो. उंदरावरच्या प्रयोगाने एवढंच कळतं, की हे द्रव्य कॅन्सर घडवू शकतं. आपल्या ताटातल्या एवढ्याशा मात्रेने तो घडतो का, ते त्यातून कळत नाही.

त्यासाठी माणसांकडेच बघावं लागतं आणि इथे मोठी अडचण आहे. कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. तेव्हा तुम्ही मटण किती भाजून खात होता, हे तुम्हाला आठवेल का? मागच्या दिवाळीत बोटी किती करपली होती हेसुद्धा आम्हाला सांगता येणार नाही. संशोधकांनी लोकांना कमी-जास्त भाजलेल्या मांसाचे फोटो दाखवून विचारून पाहिलं, तरी अंदाज तो अंदाजच. शिवाय करपलेलं मांस आवडीने खाणारा माणूस बरेचदा दारू, सिगारेट, भाजीपाला कमी, असंही जगत असतो. मग कॅन्सर कशामुळे झाला हे वेगळं काढायचं कसं?

तरी मोठे अभ्यास झाले. अमेरिकेत सुमारे तीन लाख लोकांना आहार विचारून मग काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि २०१० मध्ये निकाल छापला. तापाच्या द्रव्यांतलं एमईआयक्यूएक्स नावाचं द्रव्य ज्यांच्या खाण्यात सर्वांत जास्त होतं, त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा साधारण १९ टक्के जास्त झाला. पण ज्या पीएचआयपीने उंदरांना कॅन्सर झाला, त्याचा संबंध याच लोकांत दिसला नाही. काही अभ्यासांत खूप भाजलेल्या मांसाचा स्वादुपिंडाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरशी संबंध दिसला, तर काहींत काहीच दिसला नाही. पुरावा असा डुगडुगता आहे. संशय घ्यायला जागा आहे, पण शपथेवर साक्ष द्यावी इतका तो पक्का नाही.

या १९ टक्क्यांचा अर्थही समजून घेऊ, कारण टक्का ऐकला की छातीत धस्स होतं. समजा, हिशेबापुरतं समजा, की हजार बायांपैकी दहा जणींना आयुष्यात हा कॅन्सर होणार आहे. १९ टक्के वाढ म्हणजे दहाच्या जागी बारा. हजारात १९० नव्हे. आणि आपल्या देशात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण अमेरिकेच्या मानाने बरंच कमी आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी आपल्याच महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली सुरू झाली. तिथल्या सुरुवातीच्या नोंदींत खेड्यातल्या बायांमध्ये सर्वांत वर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, आणि त्याचा मटणाशी काही संबंध नाही.

जगातली जी संस्था कॅन्सरच्या कारणांची यादी करते, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, तिने ऑक्टोबर २०१५ मध्ये मांसाबद्दल निर्णय दिला. दहा देशांतल्या २२ तज्ज्ञांनी शेकडो अभ्यास तपासले. सॉसेज, हॅम असं खारवून, धुरी देऊन टिकवलेलं मांस त्यांनी पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे नक्की. बकरा, गाय, म्हैस, डुक्कर यांचं लाल मांस टाकलं "बहुधा होत असावा" या गटात. कोंबडी लाल मांसात धरलेली नाही. आणि भाजण्या-तळण्याबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं : जास्त तापात आणि थेट आचेवर ही द्रव्यं जास्त बनतात हे खरं, पण शिजवायच्या पद्धतीने माणसाचा कॅन्सरचा धोका बदलतो का, हे ठरवायला पुरेशी माहिती नाही.

या यादीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. यादीतला गट सांगतो पुरावा किती पक्का आहे ते. धोका किती मोठा आहे ते तो सांगत नाही. विंचू चावतो हेही नक्की आणि नाग चावतो हेही नक्की, पण दोन्ही चावे सारखे नाहीत. बेंझो-ए-पायरीन स्वतः पहिल्या गटात आहे. त्याच गटात तंबाखू आहे, सुपारी आहे आणि ऊनही आहे. म्हणून यादीत नाव आलं की पुढचा प्रश्न विचारायचा : आपल्या अंगात ते जातं किती?

तो हिशेब आपण धुराच्या द्रव्याचा करून पाहू. अमेरिकेतल्या मोजणीत खूप भाजलेल्या, सालीसकट कोंबडीत आणि करपलेल्या मांसात बेंझो-ए-पायरीन जास्तीत जास्त ग्रॅममागे चार नॅनोग्रॅम सापडलं. तुमच्या ताटात अशी दोनशे ग्रॅम कोंबडी आली तर झाले आठशे नॅनोग्रॅम, म्हणजे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम.

आता चूल. अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगाला यंत्र लावून त्या श्वासात काय घेतात ते मोजलं. ते १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. स्वयंपाकाच्या वेळी प्रत्येक घनमीटर हवेत बेंझो-ए-पायरीन सरासरी चार मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं. काम करताना बाई तासाला साधारण पाऊण घनमीटरच्या आतबाहेर हवा घेते. दोन वेळचा स्वयंपाक तीन तासांचा धरला तर दोन घनमीटर हवा आत गेली, आणि तिच्याबरोबर आठ मायक्रोग्रॅम द्रव्य. म्हणजे कोंबडीच्या तशा दहा ताटांइतकं, एका दिवसात. दुसऱ्या दिवशी परत तितकंच. पोटात गेलेलं आणि फुप्फुसात गेलेलं सारखंच काम करतं असं नाही, आणि प्रत्येक घरची चूलही सारखी नसते, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण जत्रेतली एक प्लेट आणि रोजची चूल यांतलं अंतर त्यातून कळतं. चुलीच्या धुरालाही त्या संस्थेने "बहुधा" गटात ठेवलं आहे, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी.

आम्हाला खटकतं ते इथेच. भाजलेल्या कोंबडीचा संदेश गावभर फिरतो, पण सिलिंडर परवडत नाही म्हणून परत चुलीवर आलेल्या बाईबद्दल कुणी संदेश पाठवत नाही. आणि तो कोंबडीचा संदेश वाचणाऱ्या भाऊसाहेबांच्या गालात बरेचदा खर्रा असतो. खर्ऱ्यात तंबाखूही आहे आणि सुपारीही. दोन्ही पहिल्या गटात, दोन्हींचा तोंडाच्या कॅन्सरशी संबंध माणसांवरच्या अभ्यासांत पक्का झालेला. तिथे उंदरांचा प्रयोग पुढे करावा लागत नाही. आणि खर्रा महिन्यातून दोनदा नाही, दिवसातून पाच-दहा वेळा तोंडात जातो. बायाही खातात, नाकारण्यात अर्थ नाही.

मग स्टॉलचं काय? आमचं उत्तर असं, की बंद करू नका, भाजायची रीत बदला. पुरावा डुगडुगता असला तरी द्रव्यं खरी आहेत, आणि ती कमी करायला पैसा जवळजवळ लागत नाही. त्या ताईंच्या गटाबरोबर आम्ही बसून रीत ठरवली, ती सांगतो.

कोंबडीची साल आणि सालीखालची पिवळी चरबी आधी काढायची. धूर होतो तो मुख्यतः तिच्यामुळे. मग तुकड्यांना चिरा देऊन दही, लिंबू, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून किमान तासभर झाकून थंड जागी ठेवायचं. हे आपण चवीसाठी करतोच. प्रयोगशाळांत असं दिसलं आहे की आंबट आणि मसाल्याचं लेपण असलेल्या मांसात तापाचं द्रव्य कमी बनतं, आणि लिंबाने धुराचं द्रव्यही घटतं. किती घटतं ते मसाल्यावर आणि वेळेवर ठरतं, म्हणून टक्के सांगत नाही. तेल मात्र चमचाभरच. आणि गूळ, साखर, टोमॅटो सॉस असलं गोड काही आधी लावायचं नाही, ते पहिल्यांदा करपतं. हवं तर ताटात वाढताना वरून द्या.

यानंतरची पायरी सर्वांत कामाची आहे. निखाऱ्यावर टाकायच्या आधी कोंबडी झाकणाच्या भांड्यात वाफेवर शिजवून घ्या. दोन फायदे होतात. शिजताना जो रस सुटतो त्याच्याबरोबर क्रिएटिनही बाहेर जातं, म्हणजे तापाचं द्रव्य बनायचा कच्चा मालच कमी होतो. आणि निखाऱ्यावर मग वीस-पंचवीस मिनिटांऐवजी पाच-सात मिनिटं पुरतात, नुसता रंग आणि वास येण्यापुरती. सुटलेला रस फेकू नका, रश्श्यात घाला. रश्श्यात तो शंभर अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून काही बिघडत नाही. फक्त तो कढईत आटवून, करपवून कोंबडीवर ओतू नका.

इथे एक धोका आहे, आणि तो कॅन्सरपेक्षा जवळचा आहे. कोंबडी अर्धी शिजवून दुपारच्या उन्हात टोपल्यात ठेवायची आणि गिऱ्हाईक येईल तशी भाजायची, असं करू नका. अर्धवट शिजलेल्या कोमट मांसात जंतू झपाट्याने वाढतात, आणि त्या रात्री अर्ध्या जत्रेला हगवण लागली तर स्टॉल आपोआप बंद होईल. शिजवायची ती पूर्ण शिजवा. हाडाजवळचं मांस गुलाबी नको, टोचल्यावर पाणी स्वच्छ यायला हवं. आणि थोडी थोडी शिजवा, गरम ठेवा, लवकर संपवा.

कोळसा पेटला की लगेच मांस ठेवायचं नाही. ज्वाळा बसू द्या, निखाऱ्यावर पांढरी राख येऊ द्या. मग निखारे शेगडीच्या दोन बाजूंना सारा आणि मांस मधल्या मोकळ्या जागेवर ठेवा, म्हणजे टपकणारी चरबी निखाऱ्यावर पडणार नाही. दर मिनिटाला उलटा. एका अंगावर बराच वेळ ठेवलं की तिथला ताप चढतो. सतत फिरवलेल्या मांसात हे द्रव्य कमी बनतं, हेही मोजून पाहिलेलं आहे. ज्वाळ उठली तर पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. मांस बाजूला घ्या, ज्वाळ आपोआप विझते. आणि कोळसा पेटवायला रबर, प्लॅस्टिक, टायरचे तुकडे किंवा रंग दिलेलं लाकूड वापरू नका. त्या धुरात काय काय असतं याचा हिशेब आज सांगायला वेळ पुरणार नाही.

तुकडा कुठे काळा पडलाच तर सुरीने तेवढा भाग काढून टाका. मात्र काळं काढलं म्हणजे सगळं गेलं असं नाही. तापाचं द्रव्य गडद तपकिरी थरातही असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रंग सोनेरी-तपकिरी असतानाच उतरवायची सवय हाताला लावायची. "कडक भाजून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक येईल. त्याला तिखट जास्त लावून द्या.

आता त्या ताईंनी न विचारलेली गोष्ट. गिऱ्हाईक एक प्लेट खाऊन निघून जातं. शेगडीपाशी पंखा हलवत पाच तास उभी कोण असते? त्या धुराचा सर्वांत मोठा वाटा तिचा असतो. म्हणून शेगडी मोकळ्यावर ठेवा, ताडपत्रीच्या आत नको. वारा आपल्या पाठीकडून यायला हवा. दर तासाला पाळी बदला. गटात दहा जणी आहेत, एकीनेच का भाजायचं? गरोदर बाई आणि लेकरं शेगडीपासून लांब. तोंडाला पदर बांधल्याने धुरातली ही द्रव्यं अडत नाहीत, तो फक्त राखेपुरता.

दोन-तीन छोटे प्रश्न आणखी आले आहेत. एका काकूंनी विचारलं मुंडी-पायांबद्दल. केस जाळायला ते आपण जाळावर भाजतो, तेव्हा धूर वरच्या कातडीवर बसतो. भाजून झाल्यावर सुरीने खरवडून, काळं पूर्ण निघेपर्यंत दोन-तीन पाण्यांत घासून धुवा, मग शिजवा. आपल्या आज्या हेच करत होत्या. मुंडी-पाया मग तासन्तास पाण्यात शिजतो, त्यामुळे तापाच्या द्रव्याची काळजी तिथे नाही.

सुकट-बोंबील निखाऱ्यावर टाकून खायची सवय आहे, त्याचं काय? मासाही मांसच, त्यातही क्रिएटिन आहे. तव्यावर मंद आचेवर परता, थेट निखाऱ्यात टाकू नका.

आणि वांग्याचं भरीत? हा प्रश्न तर येणारच होता. वांग्यात क्रिएटिन नाही, म्हणून तापाचं द्रव्य त्यात बनत नाही. चरबी टपकत नाही, म्हणून चरबीचा धूरही नाही. लाकडाचा धूर बसतो तो सालीवर, आणि साल आपण काढतोच. ती नीट काढा, हाताला काळं लागलं तर हात धुऊन मग वांगं कुस्करा, आणि भरीत बिनधास्त खा.